‘सर, लॅब दोनमधले आयकॉन मोठे झालेत’

“सर, लॅब २ चे सगळे पीसी बिघडलेत. ड्रायव्हर अपडेट झाल्यापासून आयकॉन खूप मोठे दिसतात. काय करू?”

कॉम्प्युटर लॅब असलेल्या कुठल्याही कॉलेजात विभागप्रमुखांच्या मोबाइलवर सकाळी नऊच्या सुमारास असा मेसेज येऊ शकतो. लिहिणाऱ्या लॅब असिस्टंटने त्यात खोटं काही लिहिलेलं नसतं. तरी वाचणाऱ्याला त्यावरून काहीच ठरवता येत नाही. सगळे म्हणजे तीसच्या तीस, की पुढच्या दोन रांगा? मोठे म्हणजे फक्त आयकॉन, की खालची अक्षरंही? अपडेट आलं हे कुठे पाहिलं, की नुसता अंदाज? आणि सगळ्यात महत्त्वाचं, साडेनऊची बॅच बसवायची की परत पाठवायची? सर वर्गात शिकवत असतील, तर घाईघाईने “रीस्टार्ट करून बघा” एवढंच उत्तर येतं. रीस्टार्ट होतो, आयकॉन तसेच राहतात आणि बॅच दारात उभी असते.

अडचण अशी की स्क्रीनवर आयकॉन मोठे दिसण्याची कारणं एकाहून जास्त आहेत. त्यातलं एक माउसच्या चाकाने दोन सेकंदांत निघतं, एक सेटिंगमध्ये जाऊन, एक जुना ड्रायव्हर परत आणून आणि एक तर चक्क केबल बदलून. अपडेट नुकतंच झालेलं असलं की चारही गोष्टींचं खापर त्याच्यावर फुटतं. कुठलं कारण कुठल्या पीसीवर आहे हे ओळखायला मात्र इंजिनिअर लागत नाही. स्क्रीनकडे नीट पाहिलं तर अर्धं काम तिथेच होतं.

ड्रायव्हर गेला तरी स्क्रीन का चालू राहतो?

विंडोजला स्क्रीनवर काहीतरी दाखवायचं असतं आणि ते प्रत्यक्ष उमटवण्याचं काम ग्राफिक्स चिपचं असतं. या दोघांमधला दुभाषी म्हणजे डिस्प्ले ड्रायव्हर. तो चिप बनवणारी कंपनी लिहिते आणि एकाच कंपनीच्या दोन पिढ्यांतल्या चिपना वेगवेगळा ड्रायव्हर लागू शकतो. म्हणूनच कॉलेजने एका वर्षी घेतलेले वीस पीसी एका अपडेटने अडखळतात आणि पुढच्या वर्षी घेतलेले दहा त्याच अपडेटनंतर बिनतक्रार चालतात.

ड्रायव्हर बंद पडला म्हणून विंडोज स्क्रीन काळा ठेवत नाही. २०१२ साली विंडोज ८ आलं तेव्हापासून त्यात एक कामचलाऊ ड्रायव्हर आधीच भरलेला असतो. स्क्रीनवर त्याचं नाव `Microsoft Basic Display Adapter` असं दिसतं. त्याला चिपच्या खास क्षमता वापरता येत नाहीत. मदरबोर्डने सुरुवातीला जी पिक्सेलसंख्या ठरवून दिली, बहुधा तिच्यावरच तो भागवतो. पुष्कळ पीसींवर ही संख्या १०२४ × ७६८ असते. मॉनिटर मात्र १९२० × १०८० चा. आयकॉन मोठे होण्याचं रहस्य या दोन आकड्यांच्या फरकात आहे.

हिशेब सोपा आहे. लॅबमध्ये नेहमी दिसणारा साडेएकवीस इंची मॉनिटर घ्या. त्याची रुंदी साधारण ४७६ मिलिमीटर भरते. तेवढ्या जागेत १९२० पिक्सेल असले तर एक पिक्सेल पाव मिलिमीटरचा होतो. डेस्कटॉपवरचा मध्यम आकाराचा आयकॉन ४८ पिक्सेल लांब-रुंद असतो, म्हणजे काचेवर सुमारे १२ मिलिमीटरचा. आता त्याच रुंदीत १०२४ च पिक्सेल बसवा. आयकॉन अजूनही ४८ पिक्सेलचाच आहे, पण प्रत्येक पिक्सेल जवळजवळ दुप्पट रुंद झाल्यामुळे तो आडवा २२ मिलिमीटर होतो. उभा मात्र १७ मिलिमीटरच भरतो, कारण १०२४ × ७६८ हा जुन्या, चौकोनी पडद्याचा आकार आहे आणि तो लांबट मॉनिटरवर ताणून बसवलेला असतो.

म्हणून अशा पीसीवर आयकॉन मोठा तर होतोच, शिवाय आडवाही पसरतो. गोल चित्राचा आयकॉन बघावा. क्रोम ब्राउझरचं रंगीत वर्तुळ अंडाकृती दिसू लागलं, तर रिझोल्यूशन घसरलं आहे असं बिनधास्त म्हणता येतं. काही मॉनिटर चित्र ताणत नाहीत, दोन्ही बाजूंना काळे पट्टे सोडतात. तिथे वर्तुळ गोल राहतं, पण अक्षरांच्या कडा धूसर दिसतातच.

दोन प्रश्न, चार उत्तरं

मेसेज लिहिण्याआधी लॅब असिस्टंटने स्क्रीनसमोर उभं राहून दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, फक्त डेस्कटॉपचे आयकॉन मोठे आहेत की खालची टास्कबार, घड्याळ, मेनूतली अक्षरं, सगळंच मोठं आहे? दुसरी, जे मोठं आहे ते रेखीव आहे की पुसट?

फक्त आयकॉन मोठे आणि बाकी सगळं जसंच्या तसं असेल, तर ड्रायव्हरचा काडीचाही संबंध नाही. डेस्कटॉपवर `Ctrl` दाबून माउसचं चाक फिरवलं की आयकॉन लहान-मोठे होतात. एखाद्या विद्यार्थ्याने ते चुकून फिरवलेलं असतं, एखाद्याने मुद्दाम. लॅबमध्ये सगळे एकाच लॉगिनने बसत असतील तर एकाने केलेला बदल पुढच्या बॅचला तसाच मिळतो. डेस्कटॉपवर राइट क्लिक करून `View` मधून `Medium icons` निवडलं की विषय संपतो.

सगळंच मोठं, पण अक्षरं कोरीव आणि वर्तुळ गोल, असं असेल तर स्केल बदललेलं असतं. `Settings` मध्ये `System`, तिथे `Display` आणि त्यात `Scale` पाहायचं. साडेएकवीस इंची फुल एचडी मॉनिटरला १०० टक्के पुरतं. ते १५० झालं की ४८ पिक्सेलचा आयकॉन ७२ पिक्सेलने काढला जातो आणि काचेवर १८ मिलिमीटरचा होतो. नवा ड्रायव्हर बसल्यावर विंडोज कधीकधी मॉनिटरला नवखा समजून स्केल आपल्या मनाने ठरवतं, म्हणून अपडेटनंतर हे घडू शकतं. दुरुस्ती मात्र त्या एका यादीतून `100%` निवडण्यापुरतीच असते.

सगळंच मोठं आणि पुसट, हा तिसरा प्रकार. `Display` च्या त्याच पानावर खाली `Display resolution` असतं. तिथे १०२४ × ७६८ दिसत असेल आणि यादी फिकी पडून बदलता येत नसेल, तर `Device Manager` उघडून `Display adapters` पाहायचं. तिथे चिपच्या नावाऐवजी `Microsoft Basic Display Adapter` असेल किंवा चिपच्या नावावर पिवळा त्रिकोण असेल, तर ड्रायव्हर चालत नाही हे पक्कं. त्रिकोण असलेल्या नावावर डबल क्लिक केलं की कारणाचा क्रमांक मिळतो. `Code 43` याचा अर्थ ड्रायव्हरनेच चिपमध्ये अडचण असल्याचं कळवलं आणि विंडोजने तिला थांबवलं.

चौथा प्रकार फसवा आहे. रिझोल्यूशन घसरलेलं, पण `Display adapters` मध्ये सगळं ठीकठाक, त्रिकोण नाही. अशा वेळी `Device Manager` मध्येच `Monitors` उघडावं. तिथे `Generic Non-PnP Monitor` असं नाव असेल, तर पीसीला मॉनिटरची ओळखच पटलेली नसते. प्रत्येक मॉनिटर आपली माहिती १२८ बाइटच्या एका लहानशा नोंदीत बाळगतो आणि ती केबलमधून पीसीला सांगतो. रुंदी किती, उंची किती, कुठली पिक्सेलसंख्या चालते, हे त्यात असतं. जुन्या निळ्या टोकाच्या व्हीजीए केबलमध्ये हे काम पंधरापैकी बारा आणि पंधरा क्रमांकाच्या पिना करतात. साफसफाईत मॉनिटर सरकला, केबल सैल झाली किंवा यातली एक पिन वाकली, तर चित्र येत राहतं, रंगही बरोबर दिसतात, फक्त ही नोंद पोचत नाही. मग पीसी सुरक्षित म्हणून कमी रिझोल्यूशनवर थांबतो. शेजारच्या पीसीची केबल लावून पाहिली की दोन मिनिटांत खातरजमा होते.

एक लॅब, तीन बिघाड

उदाहरणादाखल तीस पीसींची एक लॅब धरू. सोमवारची सकाळ. बावीस पीसींवर आयकॉन मोठे दिसतात, आठ ठीक आहेत. साडेनऊला सी प्रोग्रॅमिंगची बॅच आहे, साडेअकराला कॉम्प्युटर ग्राफिक्सचं प्रॅक्टिकल. लॅब असिस्टंट बाई नऊला आल्या, त्यांनी वरचे दोन प्रश्न डोक्यात ठेवून रांगेने फिरून पाहिलं आणि नऊ वाजून वीस मिनिटांनी विभागप्रमुखांना मेसेज केला:

“सर, नमस्कार. लॅब २ मध्ये ९:३० ची बॅच बसवता येईल. ११:३० चं ग्राफिक्सचं प्रॅक्टिकल मात्र आज इथे होणार नाही असं वाटतं.

३० पैकी २२ पीसींवर आयकॉन मोठे दिसतात. शेवटची रांग (पीसी २३ ते ३०) ठीक आहे. ती शुक्रवारी बंद होती.

२० पीसींवर सगळंच मोठं, पुसट आणि आडवं ताणलेलं आहे. रिझोल्यूशन १०२४ × ७६८, बदलता येत नाही. Device Manager मध्ये डिस्प्लेवर पिवळा त्रिकोण, Code 43. या वीसही पीसींच्या Update history मध्ये शुक्रवारी डिस्प्ले ड्रायव्हर आल्याची नोंद आहे.

पीसी ७ वर फक्त आयकॉन मोठे होते, ते माउसने ठीक केले. पीसी १४ वर रिझोल्यूशन कमी आहे, पण त्रिकोण नाही. केबल तपासते. या दोन्हींवर शुक्रवारची नोंद नाही.

ड्रायव्हरला अजून कुठेही हात लावलेला नाही. परवानगी असेल तर फक्त पीसी १ वर जुना ड्रायव्हर परत आणून बघते. अ‍ॅडमिन पासवर्ड लागेल. फोटो सोबत पाठवते आहे.”

मेसेज लांब वाटेल, पण त्याची पहिलीच ओळ वर्गात शिकवणाऱ्या माणसाला पुरते. फळ्याकडे वळता वळता सर एवढं वाचून “बसवा” असं कळवू शकतात. बाकीचं ते तासानंतर वाचतील किंवा वार्षिक देखभालीचा करार असलेल्या माणसाला जसंच्या तसं पुढे पाठवतील. त्यालाही फोनवर पुन्हा विचारायला काही उरत नाही.

मेसेजमधली सगळ्यात कामाची माहिती ठीक असलेल्या आठ पीसींची आहे. बिघडलेल्या पीसींची यादी कुणीही देतं. न बिघडलेले कुठले आणि त्यांचं वेगळेपण काय, हे लिहिलं की कारण आपोआप जवळ येतं. ही रांग शुक्रवारी बंद होती, म्हणून तिला नवा ड्रायव्हर मिळालाच नाही आणि म्हणूनच ती शाबूत आहे. विंडोज अपडेट प्रत्येक पीसीवर आपापल्या वेळेला येतं. एका खोलीतले सगळे पीसी एकाच क्षणी बदलत नाहीत, त्यामुळे अशी तुलना बहुतेक लॅबमध्ये करता येते.

‘ड्रायव्हरला अजून हात लावलेला नाही’ या वाक्याचंही मोल आहे. घाबरून तीन-चार पीसींवर तीन-चार तऱ्हेचे उपाय केलेले असले, तर मूळ बिघाड कुठला आणि उपायातून झालेला कुठला हे नंतर सांगता येत नाही.

फोटोंच्या बाबतीत एक बारकावा आहे. स्क्रीनशॉट पीसीच्या आत तयार होतो, काचेवर नाही. ताणलेल्या स्क्रीनचा स्क्रीनशॉट काढला तर त्यात ना ताण दिसतो, ना पुसटपणा. सरांच्या मोबाइलवर ते चित्र अगदी ठाकठीक दिसतं आणि ते म्हणतात, “यात मोठं काय आहे?” म्हणून पूर्ण मॉनिटरचा समोरून मोबाइलने काढलेला फोटो हवा, शक्यतो शेजारच्या चांगल्या पीसीसकट. स्क्रीनशॉट अगदीच निरुपयोगी नसतो. त्या फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये १०२४ × ७६८ असं लिहून येतं आणि तोच रिझोल्यूशनचा पुरावा होतो.

कुठली बॅच बसवायची?

साडेनऊची बॅच बसू शकते आणि साडेअकराची नाही, हे बाईंनी कशावरून लिहिलं? कामचलाऊ ड्रायव्हरवर साधा मजकूर लिहिणं, प्रोग्रॅम कंपाइल करणं, डेटाबेसची क्वेरी चालवणं ही कामं होतात. विंडो ओढताना ती किंचित मागे राहते, कारण चित्र काढण्याचा भार मुख्य प्रोसेसरवर पडतो. पण सीचा प्रोग्रॅम आधी जसा चालायचा तसाच चालतो.

ग्राफिक्सचं तसं नाही. त्रिमितीय चित्रांसाठी वापरली जाणारी ओपनजीएल ही व्यवस्था खऱ्या ड्रायव्हरशिवाय 1.1 या फार जुन्या आवृत्तीपुरतीच मिळते. शेडर वापरणारे प्रोग्रॅम तिच्यावर चालत नाहीत आणि ब्लेंडरसारखं सॉफ्टवेअर सुरूच होत नाही. दुसरा मॉनिटर किंवा प्रोजेक्टर जोडलेला असला तर तोही बहुधा बंद पडतो. शिक्षकांच्या टेबलावरचा पीसी बिघडलेल्या वीसांत असेल तर हे आधीच कळलेलं बरं.

सी प्रोग्रॅमिंगच्या बॅचलाही एक लहान त्रास होतोच. स्क्रीनची उंची १०८० वरून ७६८ पिक्सेलवर आली की मोठ्या डायलॉग बॉक्सची खालची कड टास्कबारखाली जाते आणि `OK` बटण दिसेनासं होतं. विद्यार्थी हात वर करून म्हणतात, “मॅडम, पुढे जातच नाही.” अशा वेळी `Alt` आणि स्पेसबार दाबून येणाऱ्या मेनूतून `Move` निवडावं आणि बाणांच्या कळांनी खिडकी वर सरकवावी. प्रॅक्टिकल परीक्षेच्या दिवशी हे आधी सांगून ठेवलं तर बराच गोंधळ टळतो.

जुना ड्रायव्हर परत आणताना

सरांनी होकार दिला आणि अ‍ॅडमिन पासवर्ड मिळाला. आता काम फक्त पीसी १ वर. `Device Manager` मध्ये चिपच्या नावावर डबल क्लिक करून `Driver` या टॅबवर जायचं. तिथे `Driver Date` आणि `Driver Version` दिसतात. ते आधी वहीत उतरवायचे. मग `Roll Back Driver` दाबायचं. विंडोज कारण विचारतं, त्यातलं एक निवडल्याशिवाय `Yes` दाबता येत नाही. स्क्रीन क्षणभर काळा होतो, परत येतो. मग रीस्टार्ट.

पीसी पुन्हा सुरू झाल्यावर आयकॉन लहान दिसले म्हणून उठून जायचं नाही. त्रिकोण गेला का, रिझोल्यूशनपुढे `1920 × 1080 (Recommended)` आलं का, स्केल `100%` आहे का आणि `Driver Version` शेवटच्या रांगेतल्या चांगल्या पीसीशी जुळते का, हे चारही पाहायचं. शेवटच्या रांगेचा इथे दुसऱ्यांदा उपयोग होतो. नेमकी कुठली आवृत्ती चालत होती, याचा तिच्याइतका भरवशाचा दाखला नाही.

एकेका पीसीवर माउसने फिरणं जिवावर येत असेल, तर पॉवरशेलमध्ये ही एक ओळ पुरते:

```
Get-CimInstance Win32_VideoController |
  Select-Object Name, DriverVersion, DriverDate, ConfigManagerErrorCode
```

उत्तरात चिपचं नाव, ड्रायव्हरची आवृत्ती, तारीख आणि शेवटी एक आकडा येतो. तो शून्य असेल तर सगळं सुरळीत. ४३ असेल तर तोच बिघाड.

`Roll Back Driver` हे बटण दरवेळी हाताशी नसतं. विंडोजने आधीचा ड्रायव्हर जपून ठेवलेला असेल तरच ते दाबता येतं. ते फिकं पडलेलं असेल, तर पीसीच्या किंवा चिपच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून नेमक्या त्या मॉडेलचा ड्रायव्हर उतरवून बसवावा लागतो. ‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये’ अशी जाहिरात करणारी फुकट सॉफ्टवेअर या कामाला वापरू नयेत. चुकीचा ड्रायव्हर बसण्याचा धोका तिथे जास्त असतो आणि सोबत नको ते सॉफ्टवेअरही लॅबमध्ये शिरतं.

आणखी एक शक्यता तपासायला हवी. पाच वाजता लॅब बंद करताना मेन स्विच खाली ओढायची पद्धत पुष्कळ ठिकाणी आहे. त्या वेळी पीसीवर अपडेट बसत असेल तर ड्रायव्हर अर्धवट राहतो. `Update history` मध्ये अशा ड्रायव्हरपुढे बहुधा `Failed` लिहिलेलं असतं. तिथे दोष नव्या ड्रायव्हरचा नसून तो पुरता न बसल्याचा असतो. पीसी रीस्टार्ट करून तोच ड्रायव्हर पुन्हा, शेवटपर्यंत बसू दिला की बहुतेक वेळा काम होतं.

दुरुस्ती टिकत का नाही?

पीसी १ ठीक झाला, मग बाकीचे एकोणीसही झाले. तरी दोन कारणांनी मंगळवारी सकाळी सगळं पुन्हा सोमवारसारखं दिसू शकतं.

पहिलं कारण विंडोज अपडेटच. त्याच्या लेखी नवा ड्रायव्हर अजून नवाच आहे, त्यामुळे ते तो पुन्हा पाठवू शकतं. प्रो किंवा एज्युकेशन आवृत्ती असेल तर `gpedit.msc` उघडून `Computer Configuration`, `Administrative Templates`, `Windows Components`, `Windows Update` असं आत जावं आणि `Do not include drivers with Windows Updates` हे धोरण `Enabled` करावं. विंडोज ११ मध्ये ते `Manage updates offered from Windows Update` या पोटफोल्डरमध्ये सापडतं. यानंतर सुरक्षेची अपडेट येत राहतात, ड्रायव्हर येत नाहीत. होम आवृत्तीत `gpedit.msc` नसतं.

दुसरं कारण लॅबवाल्यांच्याच ओळखीचं. डीप फ्रीझसारखं सॉफ्टवेअर प्रत्येक रीस्टार्टला पीसी आधी ठरवलेल्या स्थितीत परत नेतं. विद्यार्थ्यांनी केलेली उलथापालथ पुसली जावी म्हणून ते बसवलेलं असतं. पण बिघडलेला ड्रायव्हर बसल्यावर पीसी गोठवला गेला असेल, तर तो बिघाडच कायमचा होतो. त्यावर जुना ड्रायव्हर आणला, रीस्टार्ट केला की नवा परत हजर. असिस्टंटला वाटतं उपाय चुकला. प्रत्यक्षात आधी पीसी ‘थॉ’ करायला हवा होता, दुरुस्ती, रीस्टार्ट आणि तपासणी करून मगच ‘फ्रीझ’.

नवा म्हणजे चांगलाच, असं ड्रायव्हरच्या बाबतीत गृहीत धरता येत नाही, हे मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या अनुभवातूनही दिसलं आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये इंटेलचा एक ऑडिओ ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून चुकून ज्यांच्यासाठी नव्हता अशा कॉम्प्युटरवरही गेला. त्याची आवृत्ती होती 9.21.00.3755. अनेकांचा आवाजच बंद झाला आणि तो ड्रायव्हर काढून टाकणारं वेगळं अपडेट मायक्रोसॉफ्टला काढावं लागलं. चूक वर झाली, तरी ती खाली एखाद्याच्या टेबलावर “काल चालत होतं, आज चालत नाही” एवढ्याच रूपात पोचते.

नोंद कुठे करायची?

व्हॉट्सअ‍ॅपचा मेसेज त्या सकाळपुरता. कॉलेजच्या कामकाजात त्याला फारशी किंमत नसते, म्हणून दुपारी एक छोटं पत्र द्यावं: प्रति, मा. विभागप्रमुख, विषय, लॅब क्र. २ मधील २० संगणकांवर डिस्प्ले ड्रायव्हर अपडेटनंतर आलेली अडचण. आणि खाली पीसी क्रमांक, बिघाड करणारी आवृत्ती, परत आणलेली आवृत्ती, तारीख. पीसी १४ ची केबल बदलली असेल तर ते वेगळ्या ओळीत, कारण केबलचा खर्च वेगळा आणि डेड स्टॉक रजिस्टरशी पडताळून पाहताना हीच ओळ उपयोगी पडते. देखभालीचा करार पाहणाऱ्या माणसालाही याच कागदाची प्रत द्यावी. वीस पीसींच्या ड्रायव्हरचं काम आणि एका पीसीची केबल एकाच बिलात मिसळली तर कार्यालयातून प्रश्न येणारच.

लॅब सांभाळणाऱ्यांनी आणि त्यांच्या विभागप्रमुखांनी या आठवड्यात दोन गोष्टी करून ठेवाव्यात. सगळे पीसी ठीक चालत असतील त्या दिवशी वरची पॉवरशेलची ओळ एका पीसीवर चालवून चिपचं नाव आणि ड्रायव्हरची आवृत्ती लॅबच्या रजिस्टरमध्ये लिहून ठेवा, आणि तो ड्रायव्हर कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवून एका पेनड्राइव्हवर जपून ठेवा. यापुढे नवा ड्रायव्हर आधी एकाच पीसीवर बसवा, आठवडाभर त्यावर सगळी प्रॅक्टिकल चालवून बघा आणि मगच बाकीच्या एकोणतीसांना द्या.